दीड महिन्याच्या डोसनंतरची रात्र

दीड महिन्याच्या बाळाला लसीचा डोस देऊन झाला की आई विचारते, "ताप येईल का?" आणि शेजारी बसलेली आजी विचारते, "आला तर किती दिवस राहील?" मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात डोस देते, आणि दर आठवड्याला हे दोन प्रश्न ऐकते. कार्डावरच्या तक्त्यात यांची उत्तरं मिळत नाहीत. तिथे कोणता डोस कधी दिला आणि पुढचा कधी, एवढंच असतं. म्हणून कार्डाच्या कोऱ्या जागेत मी आईकडून आणखी चार गोष्टी लिहून घेते: डोस किती वाजता दिला, कोणती सुई कुठे टोचली, आज बाळाचं वजन किती भरलं, आणि रात्री फोन कोणाला करायचा.

यातली पहिली गोष्ट, म्हणजे वेळ, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डोसनंतर जे काही होतं त्याला ठरलेलं वेळापत्रक असतं. तेच लक्षण सहाव्या तासाला दिसलं तर त्याचा अर्थ एक, आणि पाचव्या दिवशी दिसलं तर अगदी वेगळा.

गेल्या श्रावणातली एक मुलगी सांगते. वय त्रेचाळीस दिवस, वजन चार किलो चारशे ग्रॅम. आईचं माहेर दोडामार्गला, बाळंतपण तिकडेच झालेलं, त्यामुळे कार्ड महाराष्ट्रातलं. "हे कार्ड इथे चालतं ना?" असं तिने दारातूनच विचारलं. चालतं. सरकारी लसीकरणाचं वेळापत्रक देशभर एकच आहे. जन्माच्या वेळी दिलेल्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या तिन्हींच्या तारखा त्या कार्डावर होत्या, आम्हाला तेवढंच हवं असतं. सीमेपलीकडे माहेर असलेल्या आयांना एकच सांगणं आहे, नवीन कार्ड मिळालं तरी जुनं टाकू नका.

त्या दिवशी दहा चाळीसला तिला डोस दिले. तोंडातून दोन: पोलिओचे थेंब आणि जुलाबाच्या आजाराची रोटाव्हायरस लस. सुया तीन: उजव्या दंडावर कातडीत अगदी थोडीशी पोलिओची लस, डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही. एका दिवसात तीन सुया ऐकून आजीचा जीव कासावीस होतो, ते मला कळतं. पण त्या निरनिराळ्या दिवशी दिल्या तर बाळ तीनदा रडणार आणि मधले दिवस संरक्षणाशिवाय जाणार. जागा मात्र ठरलेल्या आहेत आणि त्या लक्षात ठेवायच्या. डावी मांडी सुजली तर ते बहुतेक पेंटाचं आहे, हे त्यावरूनच कळतं.

ताप येतो तोही मुख्यतः पेंटामुळेच. या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदुज्वर या पाच रोगांवरच्या लसी एकत्र असतात. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागात मारून टाकलेला अख्खा जंतू असतो. शरीर त्याला ओळखतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करतं, त्या तयारीचाच हा ताप. जवळजवळ निम्म्या बाळांना थोडाफार ताप येतो, मांडी दुखते, चिडचिड होते. ज्यांना ताप येत नाही त्यांचा डोस वाया गेला असंही नाही.

डोस झाल्यावर मी त्या आईला अर्धा तास बाकावर बसवलं. इथेच नेहमी ओढाताण होते, कारण कदंबाची बस ठरलेल्या वेळेला असते आणि पुढची दीड तासाने. पण हा अर्धा तास मी सोडत नाही. लाखो डोसांत एखाद्याच बाळाला लसीची तीव्र अॅलर्जी होते, आणि ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. अंगावर गांधी उठतात, श्वास घरघरतो, बाळ पांढरंफटक पडतं, अंग ढिलं पडतं. यावर अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि ते आमच्या पेटीत असतं. बसमध्ये ते कोणाकडे असणार? पुढच्या बसने जावं लागलं तरी चालेल.

बसल्या बसल्या आजीने बाळाच्या डाव्या दंडाकडे बोट दाखवलं. तिथे मसुराएवढा लाल फोड, मधे पिवळट पू. "ही जागा पिकलीय, आणि तुम्ही आज आणखी टोचलंत?" हा प्रश्न मला दीड महिन्याच्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या घरचे विचारतात, कारण बीसीजीचा फोड नेमका याच सुमाराला वर येतो. जन्मानंतर टोचलेल्या जागी दोन-तीन आठवड्यांनी बारीक गाठ येते, ती वाढते, फुटते, तिथे खपली धरते आणि पुढच्या काही आठवड्यांत छोटा व्रण राहतो. लस काम करतेय याची ती खूण आहे. फोड पिळायचा नाही, त्यावर हळद, तेल, मलम काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही. आंघोळीचं पाणी लागलं तर लागू दे, हलकेच टिपून घ्या. डाव्या काखेत मटाराएवढी गाठ लागली आणि ती दुखत नसेल तर तीही जाते. गाठ त्याहून बरीच मोठी झाली, मऊ पडली किंवा तिच्यातून पू यायला लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला आणा. आणि काही बाळांच्या दंडावर व्रण उमटतच नाही, म्हणून बीसीजी पुन्हा द्यावी लागत नाही.

घरी गेल्यावर दुपारभर मुलगी झोपली. सात वाजता आईचा फोन आला. अंग गरम आहे, रडतेय, डावा पाय हलवला की किंचाळते. मी दोनच गोष्टी विचारल्या. काखेत थर्मामीटर लावलात का, आणि दूध पितेय का? काखेतला ताप १००.८ होता, आणि पाजायला घेतलं की ती ओढून पीत होती. डोसला आठ तास झाले होते. म्हणजे ताप त्याच्या नेहमीच्या वेळेला आला होता.

इथे एक गोष्ट सावकाश समजून घ्या. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येणं ही एरवी हलक्यात घेण्यासारखी गोष्ट नसते. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात, लघवीत किंवा मेंदूच्या आवरणात जंतुसंसर्ग झाला तरी सुरुवातीला नुसता ताप दिसतो, दुसरं काही कळत नाही. म्हणून १००.४ च्या वर ताप गेला की, मग डोस त्याच दिवशी दिलेला का असेना, नर्सबाईला किंवा डॉक्टरांना फोन करायचाच. डोसच्या संध्याकाळी आलेला ताप, दूध नीट पिणारं बाळ, उचलून घेतल्यावर शांत होणारं रडणं, एवढं जुळत असेल तर घरी थांबून लक्ष ठेवता येतं. ताप १०२ च्या पुढे गेला, किंवा दूध तोडलं, तर घरी थांबायचं नाही. ताप डोस घ्यायला येण्याआधीपासूनच असेल, तर आल्या आल्या सांगा. आधी डॉक्टर तपासतील, मग डोस. साधी सर्दी किंवा थोडा खोकला असेल तर त्यासाठी डोस पुढे ढकलत नाहीत.

त्या घरात पॅरासिटामोलच्या दोन बाटल्या होत्या. एक आम्ही लिहून दिल्यावर वडिलांनी फार्मसीतून आणलेली, ड्रॉपरची छोटी. दुसरी चुलत भावाची उरलेली, सिरपची मोठी. आई म्हणाली, "जाऊबाई म्हणतात अडीच एमएल द्या, त्या त्यांच्या मुलाला तेवढंच द्यायच्या." मी म्हटलं, थांबा, दोन्ही बाटल्यांची लेबलं मला वाचून दाखवा.

हा हिशेब प्रत्येक घराला यायला हवा असं मला मनापासून वाटतं. पॅरासिटामोलचं प्रमाण वयावर नाही, वजनावर ठरतं. एका वेळेला एका किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. चार किलो चारशे ग्रॅमच्या मुलीला म्हणजे चव्वेचाळीस ते सहासष्ट, साठ धरू. छोट्या बाटलीतल्या ड्रॉप्समध्ये एका एमएलमध्ये शंभर मिलिग्रॅम औषध होतं, म्हणून तिला ०.६ एमएल. सिरपच्या बाटलीवर पाच एमएलमध्ये १२० असं लिहिलेलं, म्हणून तेच साठ मिलिग्रॅम द्यायला अडीच एमएल. जाऊबाई खोटं सांगत नव्हत्या, त्यांच्याकडे सिरप होतं. पण तेच अडीच एमएल ड्रॉप्सच्या बाटलीतून दिलं असतं तर पोरीच्या पोटात अडीचशे मिलिग्रॅम गेलं असतं, चौपटीहून जास्त. असं दोन-तीनदा झालं की लिव्हरला धोका. शिवाय बाजारात पाच एमएलमध्ये २५० मिलिग्रॅमचं सिरपही मिळतं, आणि बाटल्या दिसायला सारख्याच असतात. तेव्हा कार्डावर नुसतं "अडीच एमएल" लिहू नका. बाटलीवरचा आकडा आणि एमएल दोन्ही एकत्र लिहून घ्या, तेही डोसच्या दिवशी केंद्रातच, वजन समोर असताना. मापायला बाटलीसोबत आलेला ड्रॉपर किंवा टोपण वापरा, घरातला चमचा नको.

त्या मुलीला ०.६ एमएल ड्रॉप्स दिले. पुढचं सहा तासांनंतर, ताप असेल तरच, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ताप येण्याआधीच, म्हणजे डोस द्यायच्या आधी, पॅरासिटामोल पाजून आणू नका. त्याने लसीचा परिणाम थोडा कमी होण्याची शक्यता असते. अॅस्पिरिन तर मुळीच नाही, आणि मोठ्या मुलांची दुसरी कोणतीही तापाची बाटली सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायची नाही.

बाकी रात्रभर करायचं ते साधंच. पातळ सुती झबलं, कारण श्रावणातल्या दमट हवेत दुपटं, टोपरं आणि वर शाल गुंडाळली की ताप उतरायच्या ऐवजी चढतो. दूध थोडं थोडं पण वारंवार. मांडीवर साध्या पाण्यात भिजवून पिळलेला सुती कपडा ठेवायचा. शेकायचं नाही, बर्फ लावायचा नाही. तेल लावून आंघोळ घालणारी बाई सकाळी येणार असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, दोन-तीन दिवस मांड्या चोळायच्या नाहीत. बाकी अंगाला हलका हात चालेल, कोमट पाण्याची आंघोळही चालेल. मांडी चोळली की सूज मोकळी होते असं म्हणतात, प्रत्यक्षात ती वाढते.

रडणं किती वेळ चालतं, ते घड्याळात बघा. रात्री प्रत्येक मिनिट तासाएवढं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. ती मुलगी एकूण पाऊण तास रडली, मग पीत पीत झोपली. एखादं बाळ सलग तीन तासांहून जास्त रडत राहिलं, कडेवर घेऊनही, पाजूनही थांबेना, तर डॉक्टरांना दाखवायचं. ही लसीची माहीत असलेली प्रतिक्रिया आहे आणि बहुतेक बाळं त्यातून आपोआप बरी होतात. तरी ते रडणं कशाचं आहे ते तपासल्याशिवाय घरी बसून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप ९९, संध्याकाळपर्यंत गेला. पेंटाचा ताप एक-दोन दिवसांत जातो, अठ्ठेचाळीस तास ही त्याची हद्द धरा. तिसऱ्या दिवशी आईने पुन्हा फोन केला. डाव्या मांडीत सुपारीएवढी कडक गाठ लागतेय. मी विचारलं, लाल आहे का, गरम लागते का, दाबलं की रडते का? तिन्हींना नाही. अशी गाठ कधी कधी काही आठवडे राहते आणि हळूहळू विरघळते. लाली आणि सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली, किंवा गुडघ्यापलीकडे उतरली, किंवा गाठ मऊ होऊन आत पाणी असल्यासारखी हलू लागली, तर आणायची. ती घरी फोडायची नाही.

आता रात्र असो, पाऊस असो, वाट न बघता १०८ ला फोन करायचा तो कधी? बाळ दूध ओढायचंच बंद झालं. हलवलं तरच डोळे उघडतंय, हात-पाय ढिले पडलेत, पांढरं किंवा निळसर दिसतंय. पहिल्या दोन दिवसांत असं एकाएकी गळून पडणं पेंटानंतर क्वचित होतं, आणि पाच-दहा मिनिटांत बाळ सावरलं तरी त्याला दवाखान्यात न्यावंच लागतं. श्वास जोरात, एका मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त, किंवा श्वासागणिक छाती आत ओढली जातेय. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना मोजा. आणि आकडी. तापात आकडी येतेच, असं मोठी माणसं सांगतात, पण ते सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांचं. दीड महिन्याच्या बाळाला आकडी आली तर तिचं कारण शोधावंच लागतं. कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका, निघा. उत्तरेकडच्यांना म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेकडच्यांना मडगावचं, आणि तिथून गरज पडली तर गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत पाठवतात. कार्ड बरोबर घ्या. तिथल्या डॉक्टरांना डोस कधी आणि कोणते दिले ते तुमच्या आठवणीपेक्षा त्या कागदावरून लवकर कळतं.

एक धोका मात्र पहिल्या रात्रीत न येता पुढच्या आठवडाभरात येऊ शकतो, आणि तो पोटाचा आहे. रोटाव्हायरसच्या लसीनंतर फार म्हणजे फार क्वचित आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. लस न घेतलेल्या बाळांतही असं होऊ शकतं. बाळ एकदम पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग काही मिनिटं शांत, पुन्हा तसंच. हिरवी उलटी होते, शीमध्ये लाल चिकट रक्त दिसतं. वायू धरला म्हणून वेखंड उगाळून किंवा गुटी देऊन बघण्यात जे तास जातात ते इथे परवडत नाहीत. लवकर आणलं तर पुष्कळदा ऑपरेशनशिवाय सुटतं.

ज्या घटनेमुळे मी वेळ लिहून घ्यायला लागले ती सांगते. एका मुलाला डोस दिला, ताप आला नाही, घरचे खूश. पाचव्या दिवशी ताप आला. घरात सगळ्यांचं मत पडलं की हा डोसचाच ताप, उशिरा आला. दोन दिवस पॅरासिटामोल देत राहिले. सातव्या दिवशी बाळ दूध प्यायचं कमी झालं तेव्हा आणलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. इस्पितळात राहून इंजेक्शनं घ्यावी लागली आणि मूल बरं झालं, पण ते दोन दिवस आठवले की मला आजही चुकल्यासारखं वाटतं, कारण "ताप येईल" एवढं मी सांगितलं होतं, "कधीपर्यंतचा ताप डोसचा" हे सांगितलं नव्हतं. दीड महिन्याच्या डोसनंतर तिसऱ्या दिवसापासून पुढे नव्याने चढलेला ताप लसीच्या खात्यात टाकायचा नाही. पावसाळ्यात तर नाहीच, त्या दिवसांत तापाला इतर कारणं घरोघरी असतात.

पुढे नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाची सुई मिळते, तेव्हा हे घड्याळ बदलतं. त्या लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो, तो शरीरात वाढायला वेळ घेतो, म्हणून तिचा ताप पाच ते बारा दिवसांच्या दरम्यान येतो आणि काही मुलांच्या अंगावर बारीक लाल पुरळही उठतं. दोन-तीन दिवसांत जातं. तेव्हा डोस घेतल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं, पण कार्डावरची तारीख मोजली की कोडं सुटतं.

दोडामार्गच्या त्या मुलीची पुढची तारीख अठ्ठावीस दिवसांनी होती. ती आठवडाभर उशिरा आली, मामाच्या घरी चवथ होती. आईला वाटलं सगळं पहिल्यापासून करावं लागणार. तसं नसतं. जिथे थांबलो तिथून पुढे जायचं, दिलेला डोस मोजला जातो. दोन डोसांमध्ये चार आठवड्यांहून कमी अंतर मात्र चालत नाही. सुई भरण्याआधी मी तिला विचारलं, मागच्या वेळी काय काय झालं? नुसता ताप, रडणं, गाठ असेल तर पुढचा डोस ठरल्याप्रमाणे देतात. आकडी आली असेल, बाळ गळून पडलं असेल किंवा अॅलर्जी झाली असेल, तर आधी डॉक्टर बघतात आणि पुढचा डोस कोणता, कुठे द्यायचा ते ठरवतात. आईने कार्ड उलटून मागची बाजू माझ्यासमोर धरली. सात वाजता १००.८, ड्रॉप्स ०.६, पुन्हा एक वाजता, रडणं पाऊण तास, गाठ एकोणीस दिवस. वजन आता पाच किलो दोनशे होतं, तेव्हा ०.६ खोडून तिथे ०.७ लिहिलं.